गल्लाही फोनमध्ये आणि बाजारही फोनमध्ये: एकटीने चालवायच्या होम बेकरीचं वेळापत्रक

प्रश्न: मी साताऱ्यात घरून केक करते. मदतीला कुणी नाही. ऑर्डर, केक, पोचवणं, इन्स्टाग्राम सगळं माझ्याच गळ्यात. सकाळी डोळे उघडले की फोन हातात, आणि रात्री साडेअकरालाही मेसेज चालूच. मधे बाकीच्या बेकर्सची रील्स पाहिली की वाटतं, आपण किती मागे आहोत. हल्ली तर बीटर हातात घ्यायचाच कंटाळा येतो. सगळे म्हणतात फोन कमी कर, पण ऑर्डर फोनवरच येतात ना! रोजचं वेळापत्रक बसवू तरी कसं?

उत्तर:

ताई, "फोन कमी कर" हा सल्ला नोकरदार माणसाला ठीक आहे. आपल्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण आपला गल्ला फोनमध्ये आहे. आणि ज्या फोनमध्ये गल्ला, त्याच फोनमध्ये अख्खा बाजारही भरलेला आहे. "हो, अर्धा किलो बटरस्कॉच होईल" एवढंच कळवायला आपण आत शिरतो आणि बाहेर येताना पुण्यातल्या कुणाचा तरी चार मजली केक, कुणाच्या तरी नव्या स्टुडिओचं उद्घाटन पाहून येतो. म्हणून मिनिटं मोजायच्या आधी गल्ला आणि बाजार वेगळे करायला हवेत. मी स्वतः घरून केक करते आणि नव्या बेकर्सना शिकवते. शिकून गेलेल्यांपैकी ज्यांचं वेळापत्रक टिकलं, त्यांनी हे काम सगळ्यात आधी केलं होतं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट ठरवावी लागते, आणि ती स्क्रीनची नाही, क्रीमची आहे. आपण वापरतो ते नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम फ्रीझरमधून काढून आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं लागतं. घाई करून ते बाहेर ओट्यावर किंवा पाण्यात ठेवून वितळवलं, की फेटताना नीट फुलत नाही आणि उन्हाळ्यात तर केकवरून खाली उतरतं. स्पंजचंही तसंच. ओव्हनमधून नुकता काढलेला स्पंज कापायला घेतला तर थर तुटतात, चुरा उडतो आणि आत ऊब राहिली तर क्रीम सैल पडतं. तो आदल्या दिवशी भाजून, पूर्ण गार करून, क्लिंग फिल्ममध्ये गुंडाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला तर दुसऱ्या दिवशी थर सुरीखाली स्वच्छ निघतात. म्हणजे उद्या संध्याकाळचा केक किती किलोचा आणि कोणत्या चवीचा, हे आज दिवस मावळायच्या आत कळलेलं असणं ही कामाचीच गरज आहे.

तेव्हा नियम असा करा: उद्याच्या केकची ऑर्डर आज संध्याकाळी सहापर्यंत. फोंडंटचा, थीमचा केक असेल तर चार दिवस आधी, कारण फोंडंटच्या बाहुल्या वाळायला आपल्याकडच्या पावसाळी हवेत वेळ लागतो. हे गिऱ्हाइकाला कारणासकट सांगितलं की ते सहसा वाद घालत नाही. "मी रात्री ऑर्डर घेत नाही" हे वाक्य ऐकणाऱ्याला लागतं. "स्पंज आदल्या संध्याकाळी भाजते, म्हणून सहापर्यंत कळवा" हे कुणालाही पटतं.

या नियमाचा खरा फायदा रात्री कळतो. सध्या तुम्ही रात्री फोन पाहता, कारण आलेल्या प्रत्येक मेसेजवर काहीतरी ठरवायचं असतं: घेऊ का नको, स्पंज आहे का, क्रीम उरलंय का, सकाळी लवकर उठले तर जमेल का. सहाची वेळ ठरली की त्यानंतर आलेल्या सगळ्या मेसेजचं उत्तर एकच असतं, आणि एकच उत्तर असेल तर ते द्यायला तुम्ही जागं राहायची गरज नाही. स्क्रीनची मर्यादा नुसत्या निग्रहावर फार दिवस टिकत नाही. तिच्यामागे कुठलाही निर्णय ताटकळत नसेल, तेव्हाच ती टिकते.

"आणि खरंच कुणाला ऐनवेळी हवा असेल तर?" हा प्रश्न तुमच्या मनात येणारच. त्यासाठी साध्या व्हॅनिलाचा एक अर्ध्या किलोचा स्पंज, दोनदा क्लिंग फिल्म लावून, वर तारीख घालून फ्रीझरमध्ये ठेवायचा. दोन-तीन आठवड्यांत वापरून टाकायचा आणि नवा करून ठेवायचा. तातडीच्या केकसाठी चव तीनच: पायनॅपल, बटरस्कॉच, ब्लॅक फॉरेस्ट. वर फक्त नाव लिहून मिळेल, फोटो पाठवून "असाच हवा" चालणार नाही, आणि किंमत थोडी जास्त. दिवसाला असा एकच. स्पंज वापरला गेला की त्या दिवसापुरता विषय संपला.

आता गल्ला. व्यवसायासाठी वेगळा नंबर आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस, एवढं केलेलं नसेल तर आधी ते करा. घरच्या नंबरावर शाळेचा ग्रुप, माहेरचा ग्रुप आणि गिऱ्हाइकं एकत्र असतील तर कुठलीच मर्यादा लागू करता येत नाही. अ‍ॅपमध्ये आधी बिझनेस प्रोफाइलमध्ये कामाच्या वेळा भरा. मग `Business tools` मध्ये `Away message` उघडून वेळ म्हणून `Outside of business hours` निवडा. मेसेजचा मजकूर तुमच्या बोलण्यासारखा ठेवा. साधारण असा: "नमस्कार, मेसेज मिळाला. मी दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी पाच वाजता उत्तर देते. उद्याचा केक हवा असेल तर आज सहाच्या आत कळवा. केक न्यायला येत असाल तर थेट फोन करा." यातलं शेवटचं वाक्य फार कामाचं आहे. फोनची रिंग चालू ठेवायची आणि मेसेजचे आवाज बंद करायचे, ही वाटणी त्यामुळे जमते. दारात उभं असलेलं माणूस फोन करतं. नुसती चौकशी करणारं मेसेज टाकतं.

एक तांत्रिक बारकावा लक्षात ठेवा. हा आपोआप जाणारा मेसेज फोनचं इंटरनेट चालू असेल तरच जातो. "रात्री डेटाच बंद करून टाकते" असं बऱ्याच जणी करतात, आणि मग गिऱ्हाइकाला काहीच उत्तर मिळत नाही, ते सकाळी चिडतं, आणि आपल्याला वाटतं की फोन बंद ठेवल्यानेच धंदा बुडतोय. डेटा चालू राहू दे. फोन बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावा आणि उठवायला साधं गजराचं घड्याळ घ्या.

पुन्हा पुन्हा टाइप करावं लागतं ते `Quick replies` मध्ये भरून ठेवा. दरपत्रक, अंड्याशिवाय केकचं उत्तर, आगाऊ रक्कम किती आणि कुठे पाठवायची, केक नेताना गाडीत कुठे ठेवायचा, एवढी चार-पाच उत्तरं तयार असली की मेसेजचा तास अर्ध्यावर येतो. आगाऊ रक्कम आल्याशिवाय ऑर्डर वहीत चढवायची नाही. "बघू, सांगते" वाली चौकशी डोक्यात ठेवून फिरणं यात जेवढा जीव थकतो तेवढा केक करण्यात थकत नाही.

त्यानंतर स्वयंपाकघर. फोन तिथे गप्पा मारायला येत नाही, कामाच्या निमित्ताने येतो. टायमर लावायला, रेसिपी बघायला, गिऱ्हाइकाने पाठवलेला फोटो समोर ठेवायला, गाणी लावायला. टायमर बंद करायला उचललेला फोन पंधरा मिनिटांनी खाली ठेवला जातो. म्हणून ही चारही निमित्तं एकेक करून काढून टाका. दीड-दोनशे रुपयांचा किचन टायमर ओव्हनला चिकटवा. तुमची नेहमीची प्रमाणं हाताने लिहून, कागदावर प्लास्टिक चढवून कपाटाच्या दाराच्या आतून लावा. गाण्यांसाठी रेडिओ. गिऱ्हाइकाच्या फोटोसाठी ऑर्डरच्या कागदावरच पेन्सिलने साधी आकृती काढा: कुठे कोणता रंग, फुलं कुठल्या बाजूला, नाव कसं लिहायचं. यात एक जास्तीचा फायदा होतो. आकृती काढताना "इथे सोनेरी कागद आहे की रंग?" असे प्रश्न आदल्या दिवशीच सुचतात आणि ते मेसेजच्या वेळेत विचारून होतात, एरवी ते क्रीमने भरलेल्या हातांनी फोन उघडून विचारावे लागतात.

आता दिवस कसा जातो ते एका साध्या गुरुवारवर बघू. समजा वहीत तीन केक आहेत: अर्धा किलो पायनॅपल, एक किलो चॉकलेट ट्रफल आणि अर्धा किलो अंड्याशिवायचा रसमलाई. स्पंज बुधवारी भाजून फ्रीजमध्ये आहेत. सकाळी साडेआठपर्यंत घर, डबे, आंघोळ. फोनला हात नाही. हे जमतं, कारण आज काय करायचं ते वहीत आहे, फोनमध्ये नाही. नऊ वाजता वही उघडायची आणि कामाला लागायचं. आधी ट्रफलसाठी गनाश करून ठेवायचं, कारण ते गार होऊन लावण्याजोगं व्हायला वेळ घेतं. तोवर थर कापणं, साखरपाणी लावणं, मग क्रीम फेटणं. तिन्ही केकचा आतला थर आणि बाहेरचा पहिला पातळ थर एका दमात उरकायचा, फ्रीजमध्ये ठेवायचे आणि मग एकेक बाहेर काढून सजवायचा. साडेबाराला तिन्ही केक फ्रीजमध्ये जातात.

साडेबारा ते एक हा मेसेजचा पहिला अर्धा तास. बसून, हात धुऊन, शेजारी वही घेऊन. एक ते अडीच जेवण आणि आडवं होणं. तासन्तास ओट्याशी वाकून उभं राहिल्यावर पाठ टेकणं हा कामाचाच भाग आहे, आणि त्या वेळात फोन हातात घेतला तर पाठ टेकली तरी विश्रांती होत नाही. अडीच ते पाच उद्याचे स्पंज. साधा ओटीजी असेल तर एका वेळी एक-दोनच टिन नीट भाजले जातात, त्यामुळे उद्या चार केक असतील तर ही दुपार त्यातच जाते. पाच ते सहा मेसेजची दुसरी वेळ, आणि याच तासाभरात केक न्यायला लोक येतात. सहाला ऑर्डर बंद. सात वाजता उद्याचं पान लिहायचं, क्रीमचा डबा फ्रीझरमधून खाली फ्रीजमध्ये ठेवायचा, आणि दुकान बंद. शेवटचं काम हाताने करायचं असावं, असं माझं अनुभवाने ठाम मत झालंय. फोनवर शेवट होत नाही. तिथे नेहमी आणखी एक मेसेज उरतो. क्रीमचा डबा एकदाच खाली येतो.

रविवारी आणि शनिवारी हे असंच बसेल असं नाही. त्या दोन दिवशी सकाळ आठलाच सुरू होते आणि मेसेजची दुपारची वेळ पंधरा मिनिटांवर येते. त्याबदली सोमवार पूर्ण सुट्टी. सोमवारचा वाढदिवस असेल तर? केक रविवारी संध्याकाळी न्यायचा. क्रीमचा केक एक रात्र फ्रीजमध्ये छान राहतो, हे गिऱ्हाइकाला सांगितलं की ते ऐकतं. रात्री बाराच्या केकचंही तसंच: सातच्या आत घेऊन जा, घरी फ्रीजमध्ये ठेवा, बाराला कापा. साडेअकराला दारात उभं राहून केक देण्याची सवय गिऱ्हाइकाला एकदा लागली की ती मोडणं फार जड जातं.

पहिले पंधरा दिवस काही ऑर्डर हातच्या जातील. त्या किती आणि कसल्या, हे अंदाजाने ठरवू नका. वहीच्या मागच्या पानावर लिहा. तारीख, किती वाजता मेसेज आला, काय हवं होतं, का नाकारलं. महिनाअखेरीला ते पान समोर घ्या. मी पाहिलेल्या बऱ्याच वह्यांमध्ये नाकारलेल्यांत रात्री उशिरा आलेल्या, अर्ध्या किलोच्या, "कमीत कमी किती?" विचारणाऱ्या ऑर्डरच जास्त असतात. तुमच्या पानावर वेगळं चित्र दिसलं, म्हणजे समजा संध्याकाळी सात-आठला चांगल्या ऑर्डर येत असतील, तर सहाची वेळ साडेसात करा. वेळ बदलली तरी बिघडत नाही. ती रोज बदलली तर मात्र बिघडतं.

आता बाजाराकडे येऊ. इन्स्टाग्रामवर आपलं काम तीनच गोष्टींचं: फोटो-रील टाकणं, चौकशीला उत्तर देणं, आणि केकचा फोटो टाकून आपल्याला टॅग करणाऱ्या गिऱ्हाइकाचे आभार मानणं. यातलं काहीही करायला दुसऱ्यांची रील्स बघावी लागत नाहीत. मेटा बिझनेस सूट नावाचं अ‍ॅप आहे, त्यातून पोस्ट आधीच वेळ लावून ठेवता येतात आणि आलेल्या मेसेजना उत्तरही देता येतं, आणि त्यात ती न संपणारी रांग समोर येत नाही. फोनवर हे ठेवा. इन्स्टाग्राम स्वतःच्या फोनवरून काढून घरातल्या जुन्या फोनवर किंवा लॅपटॉपवर ठेवता आलं तर उत्तम. मंगळवारी दुपारी, ऑर्डर कमी असताना, आठवड्याभराच्या तीन पोस्ट बसवून टाकायच्या. फोटो साध्या कॅमेऱ्याने काढून ठेवायचे. काढल्या काढल्या टाकायची घाई नसते.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये `Digital Wellbeing` आहे, त्यात अ‍ॅपला रोजची मर्यादा लावता येते. वेळ संपली की चिन्ह करडं होतं आणि मध्यरात्रीनंतर पुन्हा उघडतं. चांगली सोय आहे, पण तिची ताकद किती ते ओळखून वापरा. मर्यादा लावणारेही आपण आणि सेटिंगमध्ये जाऊन ती उठवणारेही आपणच. अ‍ॅप हातातल्या फोनवर असेल आणि मन उदास असेल तर ती मर्यादा दोन बोटांत उठते. म्हणून मी तिच्याकडे कुलूप म्हणून बघत नाही, मोजपट्टी म्हणून बघते. आठवड्याचा आलेख उघडा आणि कुठल्या वारी, कुठल्या तासाला वेळ जास्त गेलाय ते पाहा. बहुतेकींचा आकडा कामाच्या दिवशी वाढत नाही. तो ऑर्डर नसलेल्या दिवशी वाढतो.

तुलनेबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण "लक्ष देऊ नका" म्हटल्याने काहीच होत नाही. स्वतःचं मोजायला बाहेरचं माप नसेल तर माणूस आसपासच्यांशी ताडून पाहतो. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच हे मांडलं होतं. घरून एकटीने काम करणाऱ्या बेकरला ना वरिष्ठ, ना पगारवाढ, ना सहकारी. "मी बरी करते का?" या प्रश्नाचं उत्तर द्यायला समोर फक्त रील्स उरतात. म्हणून तुलना थांबवायची असेल तर तिच्या जागी दुसरं माप ठेवावं लागतं.

पण आधी समोरच्या मापाचं काय ते बघा. रीलमधला तो चार मजली केक पुष्कळदा आतून थर्माकोलचा असतो. प्रदर्शनाला, सरावाला, क्लासच्या जाहिरातीला असे डमी सर्रास करतात, त्यात गैर काही नाही; पण तो विकलेला केक नसतो. दुसरं, मोठे फॉलोअर्स असलेल्या कितीतरी खात्यांचं उत्पन्न केकचं नसून क्लासचं, रेसिपीच्या पुस्तिकांचं आणि सामानाच्या जाहिरातींचं असतं. तो धंदा वेगळा, त्याचं गिऱ्हाईक वेगळं. आणि तिसरं म्हणजे क्रीमचा केक मे महिन्यात स्कूटरवरून किती लांब जातो? साताऱ्यातल्या बेकरचं गिऱ्हाईक शाहूपुरी, सदर बझार, गोडोली, फार तर कोरेगावपर्यंत. रील इंदूरला आणि दुबईला एक लाख लोकांनी पाहिलं तरी त्यातून एक किलोचा केक विकला जात नाही. तुमच्या पाचशे फॉलोअर्सपैकी साडेतीनशे साताऱ्यातले असतील तर तेच खरे कामाचे.

आता दुसरं माप. ते तुमच्याच वहीत आहे. आकडे तुमच्याकडे वेगळे असतील, नमुन्यासाठी हे धरा. दोन किलोचा फोंडंटचा थीम केक ३,६०० रुपयांना गेला. सामान, बोर्ड, खोका धरून १,५०० खर्च. उरले २,१००. बाहुल्या करायला पाच तास, भाजणं आणि सजावट चार तास, आणि "जरा गुलाबी कमी करा" वाले मेसेज मिळून एक तास. एकूण दहा तास. म्हणजे तासाला २१० रुपये. त्याच आठवड्यात चार अर्ध्या किलोचे साधे केक एकत्र केले. एकेकाचे ४००, खर्च १९० धरून प्रत्येकी २१० उरले, चारांचे ८४०. एकत्र केल्यामुळे सगळं साडेतीन तासांत झालं. तासाला २४०. थीम केकचा फोटो टाकला की शाबासकी मिळते, साध्या पायनॅपलचा कुणी बघत नाही. पण तुमच्या तासाची किंमत त्या न दिसणाऱ्या केकनेच जास्त दिली. यावरून थीम केक करू नका असं मी म्हणत नाही. त्याची किंमत वाढवा, बाहुल्यांचे पैसे वेगळे लावा.

महिन्याला तीनच आकडे काढा: तासाला किती सुटले, किती गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा आली, आणि किती दिवस सातला दुकान बंद झालं. तिसरा आकडाही पैशांच्या आकड्यांइतकाच महत्त्वाचा धरा. मागच्या महिन्याशी ताडून बघायचं. दुसऱ्या कुणाचे हे आकडे तुम्हाला कधीच दिसत नाहीत, त्यामुळे इथे तुलना होते ती फक्त स्वतःशी.

ज्यांची रील्स पाहून पोटात गोळा येतो, ती खाती म्यूट करा. अनफॉलो करायची गरज नाही; म्यूट केल्याचं समोरच्याला कळत नाही. बहुधा ती लांबची मोठी नावं नसतात. आपल्याच क्लासमधली मैत्रीण, आपल्याच गल्लीतली दुसरी बेकर, हीच जास्त टोचतात. त्या मैत्रिणीला महिन्यातून एकदा भेटा किंवा फोन करा. तिचं क्रीमही मे महिन्यात उतरतं आणि तिचीही ऑर्डर ऐनवेळी रद्द होते, हे बोलण्यातच कळतं. रीलमध्ये ते नसतं. नवीन डिझाइन शिकण्यासाठी बघायचं असेल तर मंगळवारच्या त्या बैठकीत, हवं ते नाव टाकून शोधायचं, आकृती वहीत काढायची आणि बंद करायचं.

सगळ्यात जपायचे दिवस रिकामे असतात. पितृपक्षात मोठे कार्यक्रम थांबतात, परीक्षांच्या काळात वाढदिवस घरच्या घरी उरकतात. हात मोकळे, आणि समोर सगळ्यांचे भरलेले ओटे. त्यातले कित्येक फोटो जुने असतात, हे आपल्यालाही ठाऊक असतं, कारण आपणही तेव्हा जुनेच फोटो टाकतो. ऑर्डर नसली तरी नऊला ओट्याशी उभं राहायचंच. तातडीचा स्पंज नवा करून ठेवायचा, ओव्हन आतून पुसायचा, नोझल गरम पाण्यात उकळायची, सामानाच्या तारखा तपासायच्या, एखादं अंड्याशिवायचं प्रमाण सुधारून बघायचं; श्रावणात आणि चतुर्थीला त्याची मागणी येतेच. साडेबाराला नेहमीसारखे मेसेज बघायचे, आणि दुपारनंतर सुट्टी.

आता तुमच्या शेवटच्या वाक्याकडे येते, बीटर हातात घ्यायचा कंटाळा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची नोंद कामाच्या न सावरलेल्या ताणातून येणारी स्थिती अशी केली, आजार म्हणून नव्हे. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत आणि आपल्या कामात त्या अशा दिसतात: सोमवारची सुट्टी घेऊनही मंगळवारी अंग उचलत नाही, गिऱ्हाइकाचा साधा "हाय" आला तरी चीड येते, आणि केक उत्तम होऊन, गिऱ्हाईक खूश होऊन गेलं तरी मनाला वाटतं की आपल्याला जमत नाही. पहिलीच खूण असेल तर वरचं वेळापत्रक महिनाभर पाळून बघा. तिन्ही असतील तर आधी आठवडाभर नवी ऑर्डर न घेता थांबा, घेतलेल्या तेवढ्या पुऱ्या करा, मग वेळापत्रक सुरू करा. थकलेल्या अंगावर नवी शिस्त लादली तर ती चार दिवसांत मोडते.

सततच्या थकव्याला दुसरीही कारणं असतात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड एकदा तपासून घ्या. रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं आणि आपल्या बायका नेमकं तेच टाळतात. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, कामाबाहेरच्या गोष्टींतही मन लागत नसेल, रडू येत असेल, तर वेळापत्रकावर विसंबून राहू नका, डॉक्टरांकडे जा. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र चालते.

आणि एक घरातली गोष्ट, जी वेळापत्रक सगळ्यात जास्त मोडते. आपण नसताना सासूबाई किंवा नवरा फोन उचलतात आणि प्रेमाने सांगून टाकतात, "होईल हो, ती करेल." नणंद रात्री दहाला घरच्या नंबरवर म्हणते, "उद्या ऑफिसात एक केक हवाय, घरचाच तर आहे." घरच्यांना सहाची वेळ आणि तिचं कारण एकदा निवांत बसून सांगा. फोन उचलला तर त्यांनी एवढंच म्हणायचं: "केकच्या नंबरवर मेसेज टाका, ती दुपारी बघते." नातेवाइकांची ऑर्डरही त्याच नंबरवर, त्याच वहीत, त्याच वेळेत घ्या. पैसे घ्यायचे नसतील तर नका घेऊ, पण पानावर लिहा आणि तास मांडा, म्हणजे महिन्याच्या हिशेबात ते काम दिसेल.